कोशातले शब्द जोडून ओळ पूर्ण होते का, एवढंच तपासायचं आहे, प्रोग्रॅम लटकतो

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी. आमचा रावेर-सावदा पट्ट्यात केळी काढणी आणि पाठवणीचा धंदा आहे. हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅममधून नोंदी बाहेर काढल्या, तर शेरा या रकान्यातल्या सगळ्या मोकळ्या जागा उडाल्या. `धरणगावठाण`, `हप्ताआंडोरकडेदिला` अशा ओळी आल्यात. गावं, माल, माणसं आणि नेहमीचे शब्द मिळून सहा हजारांच्या आसपास शब्दांचा कोश मी बनवला आहे.

ओळ कुठे कुठे तोडायची ते नंतर बघू. आत्ता एवढंच कळलं पाहिजे, की कोशातले शब्द एकापुढे एक ठेवून ही पूर्ण ओळ बनते की नाही. बनत असेल तर ती यंत्राकडे, नसेल तर ती हाताने बघायला माणसाकडे.

मी रिकर्शन लिहिलं आहे. सुरुवातीचा एखादा शब्द कोशात सापडला की उरलेल्या भागावर तेच फंक्शन पुन्हा चालवतो. छोट्या ओळी पटकन होतात. पण एका ओळीत महिनाभराच्या गाड्यांची गावं एकापुढे एक आहेत, त्या ओळीवर प्रोग्रॅम तासभर हलत नाही. कोशातल्या सर्वांत लांब शब्दापेक्षा मोठा तुकडा तपासायचाच नाही, असं बंधन घातलं तर सुटेल का?

तापीकाठ
सुटेल. दादा, कोशातला सर्वांत लांब शब्द 15 अक्षरांचा असेल तर 200 अक्षरांचा तुकडा कोशात शोधण्यात काय अर्थ आहे? मी पत्त्यांच्या यादीवर हेच केलं होतं. बंधन घातलं आणि काम झटक्यात झालं.

छापखाना_धुळे
आमच्याकडे हा प्रश्न रोज येतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर तो काना, मात्रा, वेलांटीच्या आधी कधीच तोडायचा नाही. पुढची ओळ नुसत्या मात्रेने सुरू झालेली चालत नाही. जोडाक्षर मधोमध फोडायचं नाही. जुने कंपोझिटर हे डोळ्यांनी बघायचे, आता सॉफ्टवेअर बघतं. तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता?

केळीवाला_रावेर
काका, छपाईचं नाही हो. सलग लिहिलेल्या मजकुरातले शब्द ओळखायचे आहेत. पण मात्रेचं लक्षात ठेवतो.

@तापीकाठ, बंधन घालून बघितलं. छोट्या ओळी आणखी भराभर होतात, पण ती गावांची ओळ अजूनही लटकलेली आहे.

जामनेरची_लेक
तापीकाठ, लांबीच्या बंधनाने इथे मूळ दुखणं जात नाही. तुमच्या पत्त्यांमध्ये एकात एक बसणारे शब्द कमी असतील, म्हणून तिथे ते पुरलं. केळीवालाभाऊंच्या ओळीत काय होतंय ते बघा.

चाळीसगाव, पिंपळगाव, वडगाव, धरणगाव ही नावं कोशात असणार. आणि चाळीस, पिंपळ, वड, धरण, गाव हे शब्दही असणार. म्हणजे असं प्रत्येक नाव दोन वाटांनी पार होतं: अख्खं नाव घ्या, नाहीतर पहिला शब्द घ्या आणि मग गाव घ्या. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. पण रिकर्शनला हे माहीत नसतं. पहिल्या वाटेने पुढचं सगळं तपासून शेवटी एखादा अनोळखी शब्द आडवा आला, की ते मागे येतं आणि दुसऱ्या वाटेने त्याच जागी पोचून पुढचं तेच सगळं पुन्हा तपासतं. ओळीत अशी 24 नावं असतील तर 2 चा 24 वा घात, म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून जास्त वाटा होतात. लांबीचं बंधन यातली एकही वाट कमी करत नाही, कारण सगळे शब्द बंधनाच्या आतलेच आहेत. ओळ तुटणारी असती तर बहुधा लवकरच उत्तर आलं असतं. न तुटणाऱ्या ओळीवर प्रोग्रॅम लटकतो, तो यामुळे.

उपाय असा, की वाटा लक्षात ठेवायच्याच नाहीत, फक्त जागा लक्षात ठेवायच्या. ओळीच्या सुरुवातीपासून या जागेपर्यंतचा भाग पूर्ण तुटतो का, हो की नाही, एवढंच प्रत्येक जागेसाठी लिहून ठेवायचं.

```python
def tutate(s, kosh, L):
    n = len(s)
    dp = [True] + [False] * n
    for i in range(1, n + 1):
        for j in range(max(0, i - L), i):
            if dp[j] and s[j:i] in kosh:
                dp[i] = True
                break
    return dp[n]
```

`dp[0]` खरं धरलंय, कारण रिकामा भाग तुटलेलाच असतो. `L` म्हणजे कोशातल्या सर्वांत लांब शब्दाची लांबी. `kosh` हा `set` असू द्या. यादी दिलीत तर प्रत्येक तुकड्यासाठी सहा हजार शब्द एकेक करून बघितले जातील.

तुमचं लांबीचं बंधन आहे ते `i - L` मध्ये. त्याचा फायदा नक्की आहे, पण तो दुसऱ्या पायरीचा. 2000 खुणांच्या ओळीत बंधन नसेल तर जास्तीत जास्त 20 लाख तुकडे बघावे लागतात. `L` 18 असेल तर 36 हजारांच्या आत काम होतं. आणि `dp[j]` आधी तपासल्यामुळे जिथे आधीचा भाग तुटतच नाही, तिथून तुकडा कापायचीही गरज पडत नाही.

भुसावळचे_मास्तर
ताई, वर्गात हेच शिकवताना मुलांची पहिली सूचना असते, की डावीकडून जमेल तितका लांब शब्द उचलत जायचं, मग कोष्टक कशाला? भाऊंनी दिलेली `धरणगावठाण` ही ओळ त्यासाठी सोन्यासारखी आहे. लांबात लांब उचलला तर धरणगाव जातं आणि मागे ठाण उरतं. ठाण कोशात नाही, म्हणजे उत्तर नाही असं येतं. खरं तर ते धरण आणि गावठाण असं सरळ तुटतं.

कोष्टकात बघा. संगणक गा म्हणजे ग आणि काना अशा दोन खुणा मोजतो, त्यामुळे ओळ 9 खुणांची. धरण संपतं तिथे, म्हणजे 3 वर खरं. 6 वरही खरं, तिथे धरणगाव पोचतं आणि धरण अधिक गावही पोचतं. 9 ला आलो की मागे बघायचं. 6 पासून ठाण, कोशात नाही. 3 पासून गावठाण, आहे, आणि 3 वर आधीच खरं लिहिलेलं आहे. झालं, 9 खरं. 6 वर दोन वाटांनी पोचलो तरी त्याची नोंद एकच.

तापीकाठ
पटलं. मग माझं म्हणणं सुधारून मांडतो: आधी जागा लक्षात ठेवायच्या, मग लांबीचं बंधन. पण रिकर्शन ठेवूनच `lru_cache` लावला तरी हेच होईल ना? अख्खं पुन्हा लिहायला कशाला लावता त्यांना?

जामनेरची_लेक
उत्तर तेच येईल. फक्त पायथनमध्ये रिकर्शनची खोली मुळात 1000 पर्यंतच असते. छोट्या छोट्या शब्दांची लांबलचक ओळ आली तर `RecursionError` येऊन थांबेल. वरच्या लूपला ती अडचण नाही.

केळीवाला_रावेर
ताई, मास्तर, मनापासून आभार. गावांची ओळ आता पापणी लवायच्या आत होते.

पण एक नवीनच गोष्ट दिसतेय. `धरणगावठाण` ला माझ्याकडे `False` येतंय. धरण, धरणगाव, गाव, गावठाण हे चारही शब्द कोशात आहेत, डोळ्यांनी बघितले. तपासण्यासाठी फक्त या चार शब्दांचा छोटा कोश केला आणि तिथे `L` 4 दिला, कारण गावठाण आणि धरणगाव दोन्ही चार-पाच अक्षरांचेच आहेत. तिथेच `False` आलं.

भुसावळचे_मास्तर
भाऊ, तुम्ही अक्षरं मोजलीत. गा, व, ठा, ण अशी ती चार होतात, पण प्रोग्रॅमच्या दृष्टीने गावठाणच्या 6 खुणा आहेत. `L` 4 असताना 9 पासून मागे बघायची हद्द 5 पर्यंतच येते. 3 ही जागा त्या हद्दीच्या बाहेर राहिली, म्हणून गावठाण कधी तपासलाच गेला नाही.

`L` हाताने द्यायचा नाही. `L = max(map(len, kosh))` लिहा, म्हणजे ज्या मापाने तुकडे कापले जातात त्याच मापाने लांबी मोजली जाईल.

जामनेरची_लेक
मास्तरांच्या मुद्द्याला जोडून: `L` गरजेपेक्षा मोठा असेल तर फक्त वेळ जातो, उत्तर बरोबरच येतं. `L` लहान पडला तर उत्तर चुकतं, आणि तेही गुपचूप, कुठलीही एरर न दाखवता. कुणी युटीएफ-८ चे बाइट मोजून `L` काढला तर तो देवनागरीत तिप्पट येईल. काम मंदावेल, पण बिघडणार नाही. उलट अक्षरं मोजून काढलेला `L` धोक्याचा.

कोशात नवीन शब्द टाकले आणि `L` जुनाच राहिला तरी हेच होतं. पकडायची सोपी युक्ती आहे. कोशातला प्रत्येक शब्द एकेकटा ओळ म्हणून चालवून बघा. प्रत्येकाला `True` यायलाच हवं. ज्याला येणार नाही, तो `L` च्या बाहेर पडलाय.

गिरणामाई
भाऊ, तुना प्रश्न भारी शे! मी अमळनेरची. `हप्ताआंडोरकडेदिला` यातलं आंडोर तुमच्या कोशात आहे का? प्रमाण मराठीतून शब्द उचलले असतील तर नसणार. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. हप्ता मुलाकडे दिला, असं लिहिलंय तुमच्या मुनीमजींनी. खानदेशातल्या नोंदी आहेत, अर्धे शेरे अहिराणीत असतील.

केळीवाला_रावेर
बरोबर ताई, आमचे जुने मुनीमजी अमळनेरकडचेच होते. पण न तुटणाऱ्या ओळी शेकड्यांनी आहेत. कुठल्या ओळीत कुठला शब्द नाही, हे प्रत्येक ओळ वाचून शोधायचं का?

जामनेरची_लेक
नाही, ते कोष्टकच सांगेल. शेवटची कुठली जागा खरी झाली ती `dur` मध्ये ठेवा. `dp[i] = True` होतं तिथेच `dur = i` करायचं. `हप्ताआंडोरकडेदिला` मध्ये `dur` 5 वर थांबेल, कारण हप्ता 5 खुणांचा आहे आणि पुढे काही जुळत नाही. म्हणजे अनोळखी शब्द 5 पासून सुरू होतो. अशा ओळी `dur` नंतरच्या चार-पाच खुणांवरून लावून घेतल्या, की आंडोरवाल्या सगळ्या एकत्र येतील आणि एका फटक्यात कोशात भर पडेल.

यातूनच आणखी एक छाटणी मिळते. बाहेरच्या लूपच्या सुरुवातीला हे टाका:

```python
        if i - dur > L:
            break
```

शेवटच्या खऱ्या जागेपासून `L` पेक्षा जास्त पुढे आलो, तर मागच्या हद्दीत एकही खरी जागा उरलेली नसते. पुढे काहीही खरं होणं शक्यच नाही, मग बाकीची ओळ बघायची कशाला? आणि `dur` शून्याने सुरू करायला विसरू नका.

छापखाना_धुळे
मी मघाशी वेगळंच समजलो होतो, पण आता एक विचारतो. ओळ `पाचोरेस्टेशन` अशी आहे आणि कोशात पाच आहे, पाचोरा आहे, पाचोरे नाही. तुमचा प्रोग्रॅम पाच घेऊन 3 वर थांबला म्हणेल ना? पण 3 नंतर तर नुसती ओची मात्रा आहे. तिथे कुठलाच शब्द सुरू होऊ शकत नाही.

जामनेरची_लेक
काका, फार नेमकं पकडलंत. हो की नाही या उत्तराला त्याने बाध येत नाही, कारण मात्रेने सुरू होणारा शब्द कोशात नसतोच, ती वाट आपोआप मरते. पण `dur` फसतो. अनोळखी शब्द 0 पासून आहे आणि तो दाखवतो 3. म्हणून पुढची खूण काना, मात्रा, हलन्त किंवा अनुस्वार असेल तर ती जागा कधीच खरी करायची नाही:

```python
        if i < n and unicodedata.category(s[i]) in ("Mn", "Mc"):
            continue
```

वर `import unicodedata` लागेल. तुमचा छपाईतला मात्रेचा नियम जसाच्या तसा आला यात.

एवढं करूनही `dur` हा अंदाजच आहे. अनोळखी शब्दाच्या सुरुवातीचा भाग योगायोगाने कोशातल्या एखाद्या छोट्या शब्दाशी जुळला तर `dur` थोडा पुढे सरकतो. शोध `dur` पाशी सुरू करा, पण एक-दोन शब्द मागेही बघा.

केळीवाला_रावेर
कोशातला प्रत्येक शब्द एकटा चालवला. `L` आता `max` ने काढल्यामुळे सगळे `True` आले. तरी कुऱ्हे पानाचे या गावाच्या काही ओळी तुटतात, काही तुटत नाहीत. दिसायला दोन्हीकडे कुऱ्हे अगदी सारखं आहे.

दुसरं म्हणजे `L` 143 आला! इतका लांब मराठी शब्द कुठला?

भुसावळचे_मास्तर
कुऱ्हेतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, `U+200D`. पडद्यावर आकार एकच. पण पहिल्या तऱ्हेने कुऱ्हे 6 खुणांचा होतो, दुसऱ्या तऱ्हेने 7 खुणांचा. कोशात एक तऱ्हा आणि ओळीत दुसरी, म्हणून जुळत नाही. `unicodedata.normalize("NFC", s)` ने र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, पण या जोडकवाल्या तऱ्हेला ते हात लावत नाही. ती बदली स्वतः करावी लागते, कोशावर आणि ओळीवर दोन्हीकडे, आणि `L` काढायच्या आधी:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

तापीकाठ
आणि 143 चं मी सांगतो. कोशातल्याच एखाद्या नोंदीतल्या मोकळ्या जागा उडालेल्या असणार. कोश लांबीने लावून वरच्या दहा नोंदी बघा.

केळीवाला_रावेर
तंतोतंत! एका शेतकऱ्याचा गट नंबरासकट अख्खा पत्ता एक शब्द म्हणून बसला होता. तो काढल्यावर `L` 18 वर आला.

जामनेरची_लेक
छान. त्या एका नोंदीने तुमच्या छाटणीतला बराच फायदा खाल्ला होता. 2000 खुणांच्या ओळीला 36 हजारांऐवजी पावणेतीन लाख तुकडे. कधी खरोखरच एखादा लांब शब्द ठेवावा लागला, तर कोशात ज्या लांब्या प्रत्यक्षात आहेत त्यांचाच संच काढा आणि फक्त तेवढ्याच लांबीचे तुकडे तपासा. मग 19 ते 142 च्या मधल्या लांब्या बघाव्याच लागत नाहीत.

सातपुडा_शिरपूर
एवढ्या उठाठेवीपेक्षा ट्राय का नाही बांधत? कोशातले शब्द खूण-खूण झाडात टाकायचे. `dp[j]` खरं असलेल्या जागेपासून पुढे झाडात उतरत जायचं, फांदी संपली की थांबायचं. `L` चा प्रश्नच उरत नाही आणि काम ओळीच्या लांबीइतकंच होतं.

जामनेरची_लेक
पहिला भाग मान्य, शेवटचा नाही. प्रत्येक खऱ्या जागेपासून झाडात उतरावं लागतंच, आणि उतरायची खोली सर्वांत लांब शब्दाइतकी होऊ शकते. म्हणजे वाईटात वाईट स्थितीत तेवढेच टप्पे. फायदा हा, की तुकडे कापून त्यांचा हॅश काढायचं काम वाचतं आणि बहुतेक वेळा फांदी दोन-तीन खुणांतच संपते.

सातपुडा_शिरपूर
ते मान्य. पण कोश लाखभर शब्दांचा झाला की मी तरी ट्रायच घेईन.

तापीकाठ
सहा हजारांना `set` पुरे. पायथनमध्ये हाताने बांधलेला ट्राय कधी कधी `set` पेक्षा हळू पडतो, कारण `set` चं काम आतून सी मध्ये चालतं. एकदा दोन्ही मोजून बघा, मग ठरवा.

गिरणामाई
थंडी पडलीय, आसोद्याच्या भरिताच्या वांग्यांचा हंगाम आहे आणि तुम्ही झाडात उतरताय. भाऊ, भरीत पार्टी ठेवा, अहिराणी शब्दांची यादी मी घेऊन येते.

केळीवाला_रावेर
या ताई, कळण्याची भाकरी आमच्याकडून. यादी मात्र आधी पाठवा!

भुसावळचे_मास्तर
यादी पाठवताना एकाच खुणेचे शब्द टाकू नका. व, न असले शब्द कोशात असले की `जळगावव` ही चुकून टाइप झालेली ओळही जळगाव आणि व अशी तुटते आणि तपासणीतून सुटते. शब्द जितके छोटे, तितकं हो हे उत्तर स्वस्त होत जातं.

गिरणामाई
पण मुनीमजी रावेर व यावल असंच लिहितात की. व काढला तर या सगळ्या चांगल्या ओळी माणसाकडे जातील.

केळीवाला_रावेर
दोन्ही करून बघितलं. व ठेवला तर हाताने बघायच्या ओळी खूप कमी होतात, पण त्यातून सुटलेल्या चुका मला नंतर वजनाच्या हिशेबात सापडतात. व काढला तर निम्मा रकाना आमच्या पोरांच्या डोक्यावर.

जामनेरची_लेक
मधला मार्ग: व ओळीच्या शेवटी चालणार नाही आणि दोन व लागोपाठ चालणार नाहीत. `dp` मध्ये हो-नाही ऐवजी एवढं जास्त ठेवावं लागेल, की त्या जागेवर व ने पोचलो की दुसऱ्या शब्दाने. दोन्ही स्वतंत्र ठेवायचे, कारण एकाच जागी दोन्ही प्रकारे पोचता येतं.

भुसावळचे_मास्तर
ताई, त्याने `जळगावव` अडेल. पण `वडगाववखेडी` मध्ये व खरा आहे की चुकून पडलाय, हे त्यातूनही कळणार नाही. माझ्या मते पैशाच्या नोंदी असतील तर व काढाच.

केळीवाला_रावेर
उचल आणि हप्त्याच्या ओळींसाठी व काढतो, गाड्यांच्या ओळींसाठी ताईंचा नियम लावतो. आता अडलेल्या ओळींमध्ये बहुतेकांचा `dur` नंदुरबारकडच्या गावांपाशी थांबतोय. शहादा, तळोदा, धडगाव भागातलं कुणी असेल तर तिकडच्या गावांची आणि पाड्यांची नावं द्याल का? तिथे बोलताना जी म्हणतात तीच हवीत, मुनीमजींनी ऐकून लिहिलीत.

सातपुडा_शिरपूर
धडगावला माझा मावसभाऊ शिक्षक आहे. त्याच्याकडून पाड्यांची यादी मागवतो. पण तिकडे एकाच पाड्याची दोन-दोन नावं चालतात, तेव्हा दोन्ही टाका आणि `L` नव्याने काढा.